वर्क फ्रॉम होमसाठी घरचा राउटर, भाडेकरूंचं वायफाय आणि व्हीपीएन

प्रश्न: जुळे सोलापुरात राहतो, पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करतो. नेटवाल्याच्या बॉक्सला माझा राउटर जोडलाय, वरच्या भाडेकरूंनाही त्याच वायफायचा पासवर्ड दिलाय. व्हीपीएन लावूनही ऑफिसचा फाइल सर्व्हर घरून उघडत नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मात्र उघडतो. घरचं नेटवर्क सुरक्षित कसं करू?

उत्तर: हॉटस्पॉटवर सर्व्हर उघडतो म्हणजे व्हीपीएन ठीक आहे. दोष बहुतेक घरच्या पत्त्यांमध्ये आहे. लॅपटॉपवर `ipconfig` चालवून आपला पत्ता बघा आणि ऑफिसच्या सर्व्हरचा पत्ता आयटीवाल्यांना विचारा. समजा तुमचा 192.168.1.7 आणि सर्व्हरचा 192.168.1.20 निघाला, तर लॅपटॉपला वाटतं की सर्व्हर याच घरात आहे. मग तो त्याला व्हीपीएनच्या बोगद्यातून न शोधता घरच्या वायफायवर शोधत बसतो. खात्री करायची तर व्हीपीएन चालू ठेवून हे टाका:

```
ping 192.168.1.20
```

उत्तरात तुमचाच पत्ता आणि पुढे `Destination host unreachable` दिसलं, तर हाच घोळ आहे. यात धोकाही आहे. घरातल्या एखाद्या यंत्राला योगायोगाने तोच पत्ता मिळालेला असेल, तर ऑफिससाठीची विनंती त्याच्याकडे जाते. उपाय सोपा आहे: तुमच्या राउटरचा लॅन पत्ता बदलून 192.168.47.1 असा काहीतरी वेगळा ठेवा. ऑफिसमध्ये पत्त्यांचा तो पट्टा वापरत नाहीत ना, तेवढं विचारून घ्या.

आता भाडेकरू. तुमच्या राउटरवर `Guest Network` चालू करून त्यांना द्यावं, असं कुणीही सुचवेल. पण तुमच्याकडे दोन डबे आहेत, म्हणून थोडं थांबा. तुमचा राउटर `Access Point` मोडमध्ये असेल, तर पत्त्यांचं वाटप नेटवाल्याचा बॉक्स करतो आणि बऱ्याच राउटरांवर गेस्टची भिंत नुसती नावापुरती उरते. राउटर मोडमध्ये असेल, तर गेस्टवरचा माणूस तुमच्या लॅनमध्ये येत नाही, पण बाहेरच्या बॉक्सच्या नेटवर्कपर्यंत बहुधा पोहोचतो.

म्हणून मी मांडणी अशी करीन: भाडेकरू, टीव्ही, कॅमेरा हे सगळं बाहेरच्या बॉक्सच्या वायफायवर, वेगळ्या पासवर्डने. आतला राउटर राउटर मोडमध्येच, आणि त्यावर फक्त कामाचा लॅपटॉप व प्रिंटर. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत येता येत नाही. आपल्याला हवंय तेच. आतल्या वायफायचा पासवर्डही बदला, कारण जुना सगळ्यांना माहीत आहे. मग भाडेकरूंच्या वायफायवर मोबाइल जोडून ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आणि आतल्या राउटरचा पत्ता टाकून बघा. एकही पान उघडता कामा नये. नुसत्या पिंगवर विसंबू नका; काही यंत्रं पिंगला उत्तर देत नाहीत, तरी त्यांचं पान उघडतं.

फर्मवेअर दोन्ही डब्यांचं वेगळं असतं. नेटवाल्याच्या बॉक्सचं बहुधा त्याच्याच हातात असतं, त्यामुळे ते अपडेट करायला त्याला सांगा. तुमच्या राउटरचं तुम्हालाच करावं लागेल. तळाच्या लेबलवर मॉडेलबरोबर हार्डवेअरची आवृत्तीही छापलेली असते, उदाहरणार्थ `V2`. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांना फाइल वेगळी लागते, चुकीची टाकली तर राउटर निकामी होऊ शकतो. फाइल कंपनीच्या साइटवरूनच घ्या, लॅपटॉप केबलने जोडा आणि राउटर इन्व्हर्टरवर ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट कधी जाईल याचा भरवसा नसतो, आणि अपडेटच्या मधेच वीज गेली तर राउटर पुन्हा चालू न होण्याची भीती असते. मॉडेलला कंपनीने अपडेट देणं बंद केलं असेल, तर कामासाठी दुसरा राउटर घ्या. `WPS` आणि `Remote Management` बंद करा.

राहिलं स्प्लिट टनेलिंग. त्यात फक्त ऑफिसच्या पत्त्यांची वाहतूक बोगद्यातून जाते, बाकी सगळी थेट तुमच्या नेटवरून. तुमच्याकडे ते चालू आहे का, हे असं कळेल:

```
tracert -d 8.8.8.8
```

व्हीपीएन चालू असताना पहिल्या ओळीत घरच्या राउटरचा पत्ता आला, तर स्प्लिट चालू आहे. ऑफिसच्या बाजूचा पत्ता आला किंवा नुसत्या चांदण्या आल्या, तर बहुधा सगळंच बोगद्यातून जातंय. स्प्लिटमुळे व्हिडिओ कॉल अडखळत नाहीत आणि घरचा प्रिंटरही चालतो. पण त्या वेळी लॅपटॉपचा एक पाय ऑफिसात आणि एक उघड्या इंटरनेटवर असतो. तुमच्या ब्राउझिंगवर ऑफिसच्या फायरवॉलची नजर राहत नाही, त्यामुळे लॅपटॉपमध्ये काही शिरलं तर तिथून ऑफिसपर्यंत वाट मोकळी असते. म्हणून ही सेटिंग स्वतः बदलू नका. आयटीला विचारा, आणि कॉल अडखळतात एवढीच अडचण असेल तर फक्त कॉलच्या सेवेपुरतंच स्प्लिट मागा.