गृहकर्जाच्या फाइलवरचा शेरा परत येऊ नये म्हणून

प्रश्न: "बँकेच्या अंतर्गत लेखापरीक्षणात नवीन आहे. गृहकर्जाच्या फाइली चेकलिस्टप्रमाणे तपासते, तरी माझे निम्मे शेरे 'धोरणात बसते' असा जवाब लागून बंद होतात. नेमकं कुठे कमी पडतेय?"

तुमची पोस्ट वाचून माझे जुने दिवस आठवले. केवायसी, सह्या, सूची २, सर्च रिपोर्ट हे तुम्ही पाहतच असाल, म्हणून ते सोडून देतो. (आधीच सांगतो, मी वकील नाही आणि प्रत्येक बँकेचं धोरण वेगळं असतं. खालचे टक्के तुमच्या बँकेच्या परिपत्रकाशी ताडून घ्या.)

माझं मत असं की चेकलिस्ट कागद आहे की नाही एवढंच सांगते. शाखेनं केलेला हिशेब त्या कागदांतून निघतो का, हे ती सांगत नाही. म्हणून मंजुरी टिपणातला तक्ता आधी वाचायचाच नाही. करारनामा, पगारपत्रक आणि बँकेचा खातेउतारा एवढेच घ्यायचे, आपला आकडा आपण काढायचा आणि मग टिपण उघडायचं. तक्ता आधी वाचला की डोळे त्याच्याच मागे जातात.

एक उदाहरण घेऊ. आकडे सोयीसाठी धरलेत, पण अशा फाइली खूप येतात. पुण्यातला फ्लॅट, करारनाम्याची किंमत ४२ लाख. मुद्रांक शुल्क ७ टक्के म्हणजे २ लाख ९४ हजार, नोंदणी फी ३० हजार. शाखेनं हे सगळं मिळवून ४५ लाख २४ हजार केले, त्याचे ८० टक्के काढले आणि ३६ लाख मंजूर केले. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांच्या वर ७५ लाखांपर्यंतच्या घरकर्जाला ८० टक्क्यांची मर्यादा आहे, पण या किमतीच्या घरात मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च घराच्या किमतीत धरायचा नसतो. ४२ लाखांचे ८० टक्के ३३ लाख ६० हजार होतात. म्हणजे २ लाख ४० हजार जास्त दिले. व्हॅल्युएशन रिपोर्टमध्ये ४५ लाख लिहिलेत म्हणून कुणी वाद घातला, तर धोरणातलं 'दोन्हींपैकी कमी' हे कलम दाखवा. बहुतेक बँकांच्या धोरणात ते असतंच.

आता उत्पन्न. एकूण पगार ८८ हजार. त्यातून भविष्य निर्वाह निधी ७,२००, व्यवसाय कर २०० आणि टीडीएस ३,५०० वजा जाता ७७,१०० राहतात. ९ टक्के दरानं, २० वर्षांसाठी, ३६ लाखांचा हप्ता स्वतः काढा:

```
=PMT(9%/12,240,-3600000)
```

उत्तर येतं सुमारे ३२,३९०. शाखेनं हा आकडा ७७,१०० शी ताडला, प्रमाण ४२ टक्के आलं, धोरणाची मर्यादा ५०, म्हणून बरोबरची खूण केली. पण पगारपत्रकात आणखी एक ओळ होती: कर्मचारी पतसंस्था, ९,५००. तो कर्जाचा हप्ता होता. पतसंस्थांची कर्जं क्रेडिट ब्युरोच्या अहवालात बहुधा दिसत नाहीत, त्यामुळे तिथे 'कर्ज नाही' वाचून शाखा निश्चिंत राहते. ती रक्कम धरली की हप्ते ४१,८९० होतात, म्हणजे ५४ टक्क्यांच्या वर. कर्ज ३३ लाख ६० हजारांवर आणलं तरी प्रमाण ५१.५ टक्के राहतं. मर्यादेत बसायला कर्ज सुमारे ३२ लाख २८ हजारांपर्यंतच हवं होतं. घराच्या किमतीवरून येणारी मर्यादा आणि उत्पन्नावरून येणारी मर्यादा, यांतली जी कमी तीच लागू. कित्येक फाइलींत एकच तपासून थांबलेलं दिसतं.

पगारपत्रकावर संशय असेल तर खात्यात जमा झालेला पगार पाहा. इथे ६७,६०० जमा व्हायला हवेत. ७७,१०० जमा दिसले तर पतसंस्थेची ओळ खोटी किंवा बंद झालेली आणि ६७,६०० दिसले तर शाखेनं ती वाचलीच नाही.

अर्जदाराचा स्वतःचा हिस्सा याच उताऱ्यात शोधायचा. ४२ मधून ३६ वजा जाता ६ लाख त्यानं बिल्डरला दिलेले हवेत, तेही कर्जाच्या वितरणाआधी. फाइलमध्ये ६ लाखांच्या पावत्या होत्या, पण खात्यातून साडेतीन लाखच गेलेले. उरलेल्या अडीच लाखांची पावती रोखीची. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे, त्यामुळे अशी पावती पुरावा म्हणून मान्य करू नका. शाखेनं जास्त दिलेले २ लाख ४० हजार आणि हे अडीच लाख शेजारी ठेवून पाहिले की फाइल कशी ताणली गेली ते कळतं.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे येतो, कारण मला सगळ्यात महाग तीच पडली. एका ठिकाणी काम करताना मी अशा हिशेबांचे शेरे लिहिले आणि ते 'तेव्हाच्या धोरणात हे बसत होतं' या एका वाक्यावर बंद झाले. तेव्हाचं धोरण कुठे आहे, असं मुख्यालयातल्या कर्ज विभागाला विचारलं तर उत्तर 'पोर्टलवर आहे'. पोर्टलवर फक्त ताजी आवृत्ती, जुनी तिच्याखाली पुसली गेलेली. लेखी मागितलं तर पत्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. त्या विभागानं जुनं परिपत्रक शेवटपर्यंत दिलं नाही आणि माझ्या वार्षिक अहवालात 'शेरे टिकत नाहीत' असं नोंदलं गेलं. याचा राग आजही आहे. ज्या धोरणावर कर्जं दिली जातात त्याची जुनी आवृत्ती जपून न ठेवणं हाच मोठा दोष आहे, आणि तो शाखेचा नाही, मुख्यालयाचा आहे.

म्हणून माझा आग्रह असा की धोरणाचं प्रत्येक परिपत्रक आलं त्या दिवशीच उतरवून घ्या, नावात लागू झाल्याची तारीख घाला आणि स्वतःकडे ठेवा. फाइल उघडली की पहिली नोंद मंजुरीच्या तारखेची. हिशेब त्या तारखेच्या धोरणाशी ताडायचा, आजच्या नाही. आणि शेरा असा लिहा: "परिपत्रक क्रमांक अमुक, लागू तारीख अमुक, कलम अमुक, मर्यादा ५० टक्के, फाइल पान १७ वरील पगारपत्रकानुसार प्रत्यक्ष ५४.३ टक्के, डेव्हिएशनची मंजुरी फाइलमध्ये नाही." 'उत्पन्न पुरेसं नाही' असं लिहिलं तर तो परत येणारच.

डेव्हिएशनचं पत्र नंतर हजर झालं तर दोनच गोष्टी पाहा. त्याची तारीख कर्जवितरणाच्या आधीची आहे का, आणि सही करणाऱ्याला तेवढ्या रकमेपर्यंत अधिकार होता का. कार्योत्तर मंजुरी आली तरी शेरा काढून टाकू नका, 'नंतर नियमित केले' असं लिहून ठेवा. माझे काही सहकारी याला आडमुठेपणा म्हणतात. मला ते पटत नाही, कारण पैसे गेले त्या दिवशी मंजुरी नव्हती ही वस्तुस्थिती नंतरच्या सहीनं बदलत नाही.

जाता जाता एक: महाराष्ट्रात मूळ कागदपत्रं ठेवून गहाण केलं असेल तर नोटीस ऑफ इंटिमेशन ३० दिवसांत दाखल व्हावी लागते. पावतीवरची तारीख गहाणाच्या तारखेशी ताडा, नुसती पावती आहे म्हणून खूण करू नका.