मासिक पत्रकाचे पहिले मनोगत लिहिताना

आपण गृहनिर्माण संस्थेचे सचिवपद नुकतेच स्वीकारले आहे, म्हणून पत्रकाच्या आरंभीच्या मनोगताविषयी सुरुवातीला दोनच गोष्टी सांगतो.

"सप्रेम नमस्कार" लिहिल्यावर पुढच्याच वाक्यात रहिवाशांचा दिनक्रम बदलणारी बाब यावी. आपल्या लातुरात उन्हाळ्यात ती बहुधा पाण्याचीच असते. माझ्या पहिल्या मनोगतात पाडव्याच्या शुभेच्छांचे तीन परिच्छेद होते आणि पाण्याची वेळ चौथ्यात, त्यामुळे ती अनेकांच्या नजरेतून सुटली आणि त्यांची पिंपे रिकामी राहिली. त्याऐवजी असे लिहावे:

"सप्रेम नमस्कार. सोमवार, ६ एप्रिलपासून नळाला एक दिवसाआड सकाळी ७ ते ८ पाणी सोडले जाईल. व्यवस्थापक समितीने तसा ठराव केला आहे. अडचण असल्यास सायंकाळी कार्यालयात भेटावे. नववर्षाच्या शुभेच्छा."

यात निर्णय समितीच्या नावे आहे, हे पाहावे. "मी ठरवले आहे" असे लिहिले की सामूहिक ठराव सचिवाची मर्जी वाटू लागतो.

दुसरी गोष्ट थकबाकीची. पत्रक भाडेकरूंसह सर्वांच्या हाती जाते, म्हणून मनोगतात थकबाकीदाराचे नाव किंवा सदनिका क्रमांक कधीही लिहू नये; त्या सभासदाला स्वतंत्र पत्र द्यावे आणि मनोगतात फक्त देखभाल शुल्क भरण्याची अंतिम तारीख द्यावी.