भागीदारांना तिमाही पत्र : तोटा लपवायचा नसेल तर

तिमाहीत तोटा झालाय. आम्ही चार भागीदार, त्यातले दोघे बाहेरगावी. पत्राची सुरुवात कशी करू?

तोट्याच्या आकड्याने, आणि त्याच्या शेजारी मागच्या पत्रात तुम्हीच दिलेल्या अंदाजाने. फॅब्रिकेशनच्या कारखान्याचं उदाहरण घेऊ : "जुलै ते सप्टेंबरमध्ये २ लाख ४० हजारांचा तोटा झाला. जुलैच्या पत्रात ३ लाख नफ्याचा अंदाज दिला होता." एवढी दोन वाक्यं आधी. गणपतीच्या सुट्ट्या, पाऊस, बाजाराची मंदी वगैरे नंतर, तेही खरोखर लागलं तरच.

मग फरकाची फोड करा. फरक ५ लाख ४० हजारांचा आहे. गिऱ्हाइकाने १० लाखांची ऑर्डर पुढे ढकलली. माल, मजुरी वजा जाता त्यात २५ टक्के सुटले असते, म्हणजे अडीच लाख गेले. वेल्डिंग सदोष निघाल्याने परत आलेला माल पुन्हा करून द्यावा लागला, त्याचे १ लाख ६० हजार. कोटेशनवर दराची मुदत लिहिली नव्हती आणि मधेच पत्रा महागला, त्याचे १ लाख ३० हजार. बेरीज जुळली. आता दिसतं, की निम्म्याहून जास्त फरक आपल्याच चुकीचा आहे. "परिस्थितीमुळे" या एका शब्दाखाली नेमकं हेच झाकलं जातं. यापुढे कोटेशनवर दराची मुदत सात दिवस, अशी केलेली दुरुस्ती त्या त्या चुकीच्या शेजारीच लिहावी.

एका गिऱ्हाइकाकडे १४ लाख अडकलेत, चार महिने झाले. तो "देतो" म्हणतोय. आताच लिहून सगळ्यांना घाबरवू का?

लिहा. चार महिन्यांत या थकबाकीचे परिणाम सुरूही झालेत.

समजा बिल १२ लाखांचं, वर १८ टक्के जीएसटी, एकूण १४ लाख १६ हजार. गिऱ्हाइकाने दमडी दिली नसली तरी २ लाख १६ हजारांचा जीएसटी फर्मने भरून टाकलेला असतो, आणि उधारी बुडाली म्हणून तो परत मिळत नाही. दुसरं, बँका साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जुनी येणी ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे माल आणि येणी पाहून उचलू दिल्या जाणाऱ्या रकमेत, धरत नाहीत. येण्यांवर ४० टक्के मार्जिन असेल, म्हणजे बँक त्यातले ६० टक्केच धरत असेल, तर या एका बिलामुळे सीसी म्हणजे कॅश क्रेडिट खात्यातून उचलता येणारी रक्कम साडेआठ लाखांनी घटते. कागदावर लिमिट तेवढंच दिसतं, पगाराच्या दिवशी मात्र चेक अडकतो. भागीदाराला धक्का बसतो तो इथे, कारण पत्रात त्याने फक्त "येणी थोडी लांबली आहेत" एवढंच वाचलेलं असतं.

तिसरी गोष्ट लिहायला सगळ्यात जड. मागच्या तिमाहीच्या नफ्यात हे १२ लाख विक्री म्हणून धरलेले आहेत. पैसे बुडाले तर १४ लाख १६ हजार खर्ची टाकावे लागतील आणि वरचा २ लाख ४० हजारांचा तोटा १६ लाख ५६ हजारांवर जाईल. पाव हिस्सा असलेल्याच्या वाट्याला ४ लाख १४ हजार. हा आकडा पत्रात त्याच्या हिश्शासह द्या.

गिऱ्हाइकाचा "देतो" हा शब्द तसाच लिहू नका. शेवटचा पैसा कोणत्या तारखेला आला, शिल्लक मान्य असल्याचं लेखी पत्र आहे का, नोटीस कधी पाठवली, एवढं लिहा. मग अंदाज ज्याचा त्याने करावा.

मी फक्त भांडवल घातलंय. पत्रात सगळं "समाधानकारक" असतं, पण पैसे हाती येत नाहीत. खरं-खोटं कसं कळणार?

लागोपाठची तीन पत्रं शेजारी ठेवा. आधी दिलेला अंदाज पुढच्या पत्रातून गायब झालाय का? एकदा विक्री, एकदा ऑर्डरबुक, एकदा नवं मशीन, असा दर वेळी वेगळाच आकडा पुढे केलाय का? तसं असेल तर सीसी खात्याची तिमाहीअखेरची शिल्लक आणि येण्यांची वयानुसार यादी मागा. नफा वाढतोय आणि ९० दिवसांपुढची येणीही वाढताहेत, तर तो नफा अजून गिऱ्हाइकाच्या खिशात आहे.

मागताना संकोच नको. भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम ९ नुसार भागीदारांनी एकमेकांना खरे हिशेब आणि पूर्ण माहिती द्यायची असते. वह्या पाहण्याचा, नकल घेण्याचा हक्क कलम १२ मध्ये आहे. मात्र आपसातल्या करारात तो बदलता येतो, म्हणून आधी डीड वाचा. साध्या भागीदारीत फर्मचं देणं तुमच्या घरादारापर्यंत येऊ शकतं, तुम्ही कारखान्यात पाऊल टाकत नसलात तरी. एलएलपी म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीची गोष्ट वेगळी.

मोठ्या हिस्सेदाराला आधी फोन करून सांगितलं तर चालेल?

नको. पत्र सगळ्यांना एकाच दिवशी, सारखंच. ज्याला शेवटी कळतं तो आकड्यापेक्षा क्रमावरच जास्त चिडतो. फोन करायचेच असतील तर पत्र गेल्यावर, त्याच संध्याकाळी, बाकीच्या तिघांनाही.