औषध तुमच्यासाठी, लस तिच्यासाठी

“माझं वय २९, बायकोचं २४. लग्नाला दीड वर्ष झालं. चार महिन्यांपासून मूल व्हावं म्हणून बघतोय. दोन महिन्यांपूर्वी लघवीच्या जागेवर, पुढच्या कातडीजवळ बारीक दोन फोड दिसले, आता पाच झालेत. दुखत नाहीत. मेडिकलवाल्यानं खाजेची ट्यूब दिली, ती लावल्यापासून वाढलेच. मोबाइलवर बघितलं तर चामखीळ, एचपीव्ही, कॅन्सर असं काय काय निघालं. मित्र म्हणतो लस घे, सगळं झडून जाईल. चुलतभाऊ म्हणतो बिब्बा लाव. लग्नाआधी एकदा माझा बाहेर संबंध आला होता, बायकोला माहीत नाही. तिला काही झालं तर? लस घेऊ का?”
– एक वाचक, औसा तालुका

भाऊ,

आधी ती ट्यूब बंद करा. खाजेसाठी म्हणून काउंटरवर मिळणाऱ्या बहुतेक मिश्र ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं. त्यानं खाज आणि लाली दबते, पण त्या जागेच्या कातडीची प्रतिकारशक्तीही दबते, आणि विषाणूला तेच हवं असतं. बिब्ब्याचं तर नावच काढू नका. त्याच्या तेलानं हातापायाची कातडीसुद्धा भाजते, ही जागा तर त्याहून नाजूक. भोवऱ्यावर लावायचं सॅलिसिलिक ॲसिडचं औषध हातापायावर चालतं, इथं नाही.

तुम्ही लिहिलंय त्यावरून चामखीळच असावी, पण पत्रावरून शिक्का मारता येत नाही. एकदा डॉक्टरांनी बघायलाच हवं, त्याला कारण आहे. लिंगाच्या टोकाच्या कडेला एका ओळीत, एकाच मापाचे बारीक दाणे असतील तर तो आजारच नसतो, अनेक पुरुषांना ते जन्मभर असतात. चामखिळी लहानमोठ्या असतात, फुलकोबीच्या तुऱ्यासारख्या खडबडीत, आणि हळूहळू वाढतात. तिसरा प्रकार चपट्या, ओलसर चकत्यांचा. त्या गरमीच्या म्हणजे सिफिलिसच्या असू शकतात, आणि त्याचं औषध पूर्ण वेगळं. म्हणून तपासणीबरोबर रक्ताची सिफिलिससाठीची व्हीडीआरएल आणि एचआयव्ही चाचणी करून घ्या. लातूरच्या किंवा अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात त्वचा व गुप्तरोगाची ओपीडी विचारा. सरकारी दवाखान्यात याच कामाचं ‘सुरक्षा क्लिनिक’ही असतं.

आता कॅन्सरची भीती. एचपीव्ही म्हणजे चामखीळ करणारा विषाणू, त्याचे शंभराहून जास्त प्रकार आहेत. गुप्तांगावरच्या दहापैकी नऊ चामखिळी त्यातल्या ६ आणि ११ या दोन प्रकारांमुळे होतात, आणि हे दोन कॅन्सर करणाऱ्यांतले नव्हेत. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमागे मुख्यतः १६ आणि १८ हे प्रकार असतात. चामखीळ झाली म्हणजे कॅन्सरची सुरुवात झाली, असं नाही. मात्र एखादी गाठ काळपट, कडक झाली, तिला जखम पडली किंवा रक्त येऊ लागलं, तर औषध लावत बसू नका. तिचा तुकडा तपासायला पाठवावा लागतो.

उपचाराबद्दल एक गोष्ट आधी ध्यानात घ्या: कुठलंही औषध चामखीळ काढतं, विषाणू काढत नाही. विषाणू आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीतही असतो. त्याला तुमचं शरीरच दाबतं, बहुतेकांमध्ये वर्ष-दोन वर्षांत. काहींच्या चामखिळी काही न करताही जातात, पण घरात बायको आहे, मूल हवंय, तेव्हा वाट बघण्यापेक्षा काढलेल्या बऱ्या.

पाच लहान चामखिळी असतील आणि हात पोचत असेल तर घरी लावायचं ०.५ टक्क्याचं पोडोफायलोटॉक्सिनचं द्रावण परवडतं. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्या आणि दुकानात बाटलीवरचं नाव अक्षर अक्षर वाचा. याचाच जाडाभरडा भाऊ म्हणजे पोडोफायलिन रेझिन, २० ते २५ टक्क्यांचा तपकिरी पेंट. नाव जवळजवळ सारखं, म्हणून अदलाबदल होते. तो पेंट डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं लावायचा आणि एक ते चार तासांत धुऊन टाकायचा असतो. घरी नेऊन सकाळ-संध्याकाळ लावला तर कातडी सोलून निघते.

द्रावण लावायची रीत अशी. सोमवार, मंगळवार, बुधवार सकाळ-संध्याकाळ लावायचं. गुरुवार ते रविवार काही नाही. हा एक फेरा. असे जास्तीत जास्त चार फेरे. आधी जागा धुऊन कोरडी करा, चामखिळीभोवतीच्या चांगल्या कातडीला पातळ व्हॅसलीन लावा, आणि कापूस गुंडाळलेल्या बारीक काडीनं औषध फक्त चामखिळीवर टेकवा. पुढची कातडी मागे ओढलेली असेल तर औषध पूर्ण वाळल्याशिवाय ती पुढे घेऊ नका, नाहीतर ते आतल्या सगळ्या कातडीला लागतं. दिवसभरात अर्ध्या मिलीपेक्षा जास्त वापरायचं नाही, आणि चामखिळींचा एकूण पसारा १० चौरस सेंटीमीटरपेक्षा मोठा असेल तर हे औषध तुमच्यासाठी नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाली, जळजळ, बारीक जखम होणार. ती अपेक्षितच आहे आणि चार दिवसांची सुट्टी त्यासाठीच असते. चुकतं ते इथं: पहिल्या आठवड्यात चामखीळ अर्धी झाली की माणसाला वाटतं, आता सुट्टी कशाला, लावतच राहू. मग पुढची कातडी सुजते आणि मागेच जात नाही. लघवीला अडचण झाली किंवा कातडी मागे अडकून राहिली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. चार फेऱ्यांनंतरही चामखीळ तशीच असेल तर पाचवा फेरा घ्यायचा नाही, उपचार बदलायचा. आणि चामखीळ लघवीच्या भोकात असेल तर घरचं औषध मुळातच नको.

दुसरं घरगुती औषध म्हणजे ५ टक्के इमिक्विमोड क्रीम. आठवड्यातून तीन रात्री झोपताना लावायचं, ६ ते १० तासांनी साबणानं धुवायचं. ते चामखीळ जाळत नाही, त्या जागेच्या प्रतिकारशक्तीला जागं करतं, म्हणून वेळ लागतो, १६ आठवड्यांपर्यंत. धीर नसेल तर याच्या वाटेला जाऊ नका. या क्रीमनं निरोधचं रबरही कमजोर होतं.

दवाखान्यात द्रव नायट्रोजननं गोठवतात, ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड टेकवतात किंवा भूल देऊन कॉटरीनं, म्हणजे विजेवर तापणाऱ्या टोकानं, जाळतात. गोठवणं एका बैठकीत संपत नाही, दर एक-दोन आठवड्यांनी जावं लागतं, आणि सावळ्या कातडीवर काही काळ पांढरट डाग राहतो. कॉटरीनं बहुधा त्याच दिवशी काम होतं. मागे जखम राहते, ती भरायला दोन-तीन आठवडे धरा. तुम्हाला लातूरला दर आठवड्याला सुट्टी काढून येणं जमत नसेल, तर माझं मत कॉटरीकडे झुकतं. परत येण्याचा धोका सगळ्याच उपचारांत आहे, आणि परत आल्या तर बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. तसं झालं म्हणजे डॉक्टर चुकला किंवा नव्यानं कुठून लागण झाली, असं समजू नका. या काळात त्या भागात वस्तराही फिरवू नका, ब्लेडच्या ओरखड्यांतून चामखिळी ओळीनं पसरतात.

लस घेतली की सगळं झडून जाईल, हे मित्राचं म्हणणं मात्र चूक आहे. एचपीव्हीच्या लसीमुळे शरीरात अँटिबॉडी तयार होतात आणि त्या विषाणूला पेशीत शिरण्याआधी अडवतात. एकदा तो पेशीत शिरला की या अँटिबॉडींना तिथे काही करता येत नाही. आधीच लागण झालेल्यांना लस देऊन पाहिली, तेव्हा लागण लवकर गेली नाही. चामखिळी काढल्यावर लस दिली तर परत येणं कमी होतं का, हेही तपासलंय. ब्रिटनमध्ये झालेल्या मोठ्या चाचणीत ठाम फायदा दिसला नाही. त्यात आपल्याकडे पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक ९ ते २६ वयासाठी मंजूर आहे, तुम्ही २९ चे. तेव्हा या पाच चामखिळींसाठी लसीवर पैसे घालू नका.

बायकोचं गणित वेगळं आहे. दीड वर्षाच्या संसारात तुमचा ६ किंवा ११ प्रकार तिच्यापर्यंत बहुधा पोचला असणार, त्यावर लस आता काही करणार नाही. पण १६ आणि १८ तिला झालेच असतील असं नाही, आणि तिचं खरं नुकसान करू शकतात ते हेच. सर्व्हाव्हॅकमध्ये ६, ११, १६, १८ असे चारही प्रकार आहेत, ती २४ ची आहे, म्हणजे वयातही बसते. १५ च्या पुढे तीन डोस लागतात: आज, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. आधी एचपीव्हीची तपासणी करायची गरज नाही. ‘फक्त कॅन्सरची’ म्हणून दोनच प्रकारांची लसही असते, तिचा चामखिळीशी संबंध नाही.

मूल हवंय म्हणून लस लांबवू नका, आणि लसीसाठी मूलही लांबवू नका. डोस चालू असताना दिवस गेले तर उरलेले डोस बाळंतपणानंतर घ्यायचे, पहिल्यापासून सुरुवात करायची नाही. एखादा डोस दिवस गेल्याचं कळण्याआधी दिला गेला असेल तरी घाबरायचं कारण नाही. खरी काळजी औषधांची. गरोदरपणात चामखिळी भराभर वाढू शकतात, आणि तेव्हा पोडोफायलोटॉक्सिन, पोडोफायलिन, इमिक्विमोड यातलं काहीही तिला लावायचं नाही. दवाखान्यात गोठवणं किंवा ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड टेकवणं चालतं. तुमच्या बाटलीतलं औषध तिला लावून बघण्याचा प्रयोग तर कधीच नको. तुमचे फेरे चालू असेपर्यंत आणि जखम भरेपर्यंत संबंध बंद. पुढे निरोध वापरा असं मी सांगणार नाही, कारण तो झाकतो तेवढ्याच जागेचं संरक्षण करतो, आणि तुम्हा दोघांची कातडी आता एकाच विषाणूची आहे.

तिला एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. डोळ्यांना चामखीळ दिसली नाही तर उपचार काही नाही. तुमच्या चामखिळींमुळे तिला गर्भाशयाच्या तोंडाच्या जादा पॅप चाचण्या लागत नाहीत. तिशीनंतर इतर बायकांसारखी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी ठरलेल्या वेळी करायची, लस घेतली असली तरी.

राहिलं बायकोला सांगणं. विषाणू अंगात शिरल्यापासून चामखीळ दिसायला काही आठवड्यांपासून आठ महिने लागतात, कधी त्याहून कितीतरी जास्त. म्हणून ती कुणाकडून आली हे कुठल्याच तपासणीत निघत नाही, आणि बायकोकडे बोट दाखवायलाही काही आधार नाही. पण सांगितल्याशिवाय तिची तपासणी, दोघांचं रक्त आणि लस काहीच होणार नाही. अंबाजोगाईला जाताना बसमध्ये नको, घरी, तुमची आई देवळात गेली की बोला: “मला कातडीचा विषाणूचा आजार झालाय, माझ्या जुन्या संबंधातून आलेला असू शकतो. तुलाही लागला असेल. दोघांनी तपासून घेऊ, आणि तुला एक लस घ्यायचीय.” एवढं पुरे. ती पुढे विचारेल त्याला खरं उत्तर द्या.