दिसणारे आकडे आणि खालची बेरीज

प्रश्न: एक्सेलमध्ये Decrease Decimal वापरून सगळे आकडे दोन दशांशांवर आणले. आता कॅल्क्युलेटरवर बेरीज केली तर ७.७२ येते, पण शीटमध्ये एकूण ७.७३ दिसते. SUM चुकतेय का?

SUM बरोबर आहे. ती बेरीज तुम्हाला दिसणाऱ्या आकड्यांची करतच नाही. प्रत्येक सेलमध्ये दोन गोष्टी वेगवेगळ्या असतात: साठवलेली किंमत आणि ती कशी दाखवायची याचा फॉरमॅट. Decrease Decimal फक्त फॉरमॅट बदलतो. आतला आकडा होता तसाच राहतो आणि पुढचे सगळे फॉर्म्युले तोच आकडा उचलतात.

तुमची शीट माझ्यासमोर नाही, पण नेमका असाच फरक देणारे उदाहरण घेऊ. B रकान्यात ३३.४७, ४१.७९ आणि २७.७९ अशा तीन रकमा आहेत आणि C रकान्यात प्रत्येकीचे ७.५ टक्के काढले आहेत. खऱ्या किमती येतात २.५१०२५, ३.१३४२५ आणि २.०८४२५. दोन दशांशांवर त्या २.५१, ३.१३ आणि २.०८ दिसतात, म्हणून हाताने बेरीज ७.७२ भरते. SUM मात्र पूर्ण किमती मिळवून ७.७२८७५ काढते आणि दाखवताना त्याचे ७.७३ होतात. तिन्ही ओळींच्या लपलेल्या शेपट्या एकाच बाजूला पडल्या आणि त्यांची बेरीज शेवटच्या दशांशापर्यंत पोहोचली, एवढेच घडले. शेपट्या काही ओळींत वर, काही ओळींत खाली असत्या, तर बेरीज जुळलीही असती. म्हणूनच हा प्रकार एखाद्या महिन्यात दिसतो आणि पुढच्या महिन्यात गायब होतो.

तुमच्या शीटमध्येही हेच कारण आहे का, हे तपासण्यासाठी रिकाम्या सेलमध्ये हे टाका (रेंज तुमची घाला):

```
=SUM(C2:C4)-SUMPRODUCT(ROUND(C2:C4,2))
```

वरच्या उदाहरणात उत्तर ०.००८७५ येते. फॉर्म्युला बारमध्ये पाहून हे कळत नाही, कारण तिथे किमतीऐवजी फॉर्म्युलाच दिसतो. या फरकाला मर्यादा असते, हेही लक्षात ठेवा. दोन दशांशांवर एका ओळीत जास्तीत जास्त ०.००५ लपू शकतात, म्हणजे तीन ओळींत ०.०१५. त्यात एकूण दाखवताना होणाऱ्या पूर्णांकनाचे आणखी ०.००५ धरा. दिसणारा फरक याहून मोठा असेल तर दशांशांना दोष देऊ नका; एखादी लपवलेली ओळ बेरजेत येतेय का, किंवा एखादा आकडा मजकूर म्हणून साठवल्यामुळे सुटतोय का, ते शोधा.

आता उपाय. एकूणाच्या सेलला ROUND लावून काहीच साधत नाही, कारण ७.७२८७५ चे पुन्हा ७.७३च होणार. पूर्णांकन प्रत्येक ओळीत, म्हणजे C2 मध्ये करून खाली ओढावे लागते:

```
=ROUND(B2*7.5%,2)
```

आता साठवलेली किंमतच २.५१ आहे, म्हणून SUM ७.७२ देते आणि कागदावर कोणीही ताळा करू शकतो. पण एक अडचण उरते आणि ती कोणताही फॉर्म्युला सोडवू शकत नाही. एकूण रक्कम १०३.०५ वर थेट ७.५ टक्के काढले तर पुन्हा ७.७३ येतात. ओळीवार पूर्णांकन आणि एकूणावर पूर्णांकन या दोन वेगळ्या पद्धती आहेत. त्यांतली कोणती लागू आहे हे तुमच्या व्यवहाराच्या नियमातून ठरते. ते आधी विचारून घ्या, मग ROUND कुठे लावायचा ते ठरवा. ज्या कागदावर ओळी आणि एकूण दोन्ही छापले जातात आणि समोरचा माणूस ती रक्कम भरणार असतो, तिथे नियम आड येत नसेल तर माझे मत ओळीवार पूर्णांकनाच्या बाजूने आहे. आकडे पुढच्या विश्लेषणासाठी लागणार असतील तर पूर्ण किंमत जपा आणि तक्त्याखाली ‘पूर्णांकनामुळे बेरीज जुळेलच असे नाही’ अशी टीप द्या.

शोधताना तुम्हाला Options मधल्या Advanced खाली Set precision as displayed हा पर्यायही सापडेल. एका क्लिकमध्ये बेरीज जुळते, पण तो संपूर्ण वर्कबुकला लागू होतो आणि हाताने भरलेल्या आकड्यांचे लपलेले दशांश कायमचे छाटतो. नंतर पर्याय बंद केला तरी ते परत येत नाहीत. टक्केवारीचा दर वेगळ्या सेलमध्ये ७.५% असा भरलेला असेल आणि त्या सेलचा फॉरमॅट शून्य दशांशांचा असेल, तर तिथे ८% दिसत असतात. हा पर्याय लावताच दर खरोखर ८% होतो आणि त्यावर अवलंबून असलेली प्रत्येक ओळ बदलते. तो वापरायचाच असेल तर फाइलची प्रत करून, प्रत्येक शीटवरचे दर आणि गुणक किती दशांशांवर दिसताहेत ते आधी पाहून घ्या.