सिरम क्रिएटिनिन डायल्यूट केल्यावर दर वेळी वेगळं का येतं?

प्रश्न: जॅफे पद्धतीचं किट आहे, लिनिअरिटी १५ पर्यंत. एका रुग्णाचं क्रिएटिनिन १६.८ आलं आणि मशीनने फ्लॅग दिला. सलाइनने दुप्पट डायल्यूट करून १९.७ आलं, दहापट केल्यावर १७.३. दोन्ही पुन्हा लावले, तेच आकडे. कोणतं खरं धरू?

उत्तर: माझ्या मते दोन्ही नाहीत, खरा आकडा २० च्या आसपास आहे. १६.८ तर सोडूनच द्या, लिनिअरिटीच्या पलीकडे रंग क्रिएटिनिनच्या प्रमाणात वाढत नाही. पिपेटिंगवर संशय घ्यावासा वाटतो, पण ती चूक असती तर आकडे इकडेतिकडे गेले असते. तुमचे आकडे पुन्हा लावूनही तेच आले आणि डायल्यूशन वाढलं तसे खाली गेले. म्हणजे प्रत्येक रीडिंगमधून एक ठरावीक रक्कम वजा होते आहे.

ती कुठून येते ते सांगतो. अल्कधर्मी पिक्रेटबरोबर क्रिएटिनिनचा नारिंगी-लाल रंग तयार होतो, पण सिरममधली प्रथिनंही थोडा रंग देतात. म्हणून बऱ्याच जॅफे किटमध्ये ‘कॉम्पेन्सेशन’ असतं: प्रत्येक सिरमच्या रीडिंगमधून साधारण ०.३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर वजा करायचे. न पातळ केलेल्या सिरमसाठी ते ठीक आहे. दहापट पातळ केलेल्या नमुन्यात मात्र प्रथिनंही दहापट कमी असतात, तरी मशीन पूर्ण ०.३ वजा करतं, आणि तुम्ही ती जादा वजाबाकी दहाने गुणता.

तुमच्याच आकड्यांवर ताडून बघा. खरं क्रिएटिनिन २०.० आणि प्रथिनांचा रंग ०.३ धरला तर एकूण २०.३. दुप्पट डायल्यूशनमध्ये १०.१५, त्यातून ०.३ गेले की ९.८५, गुणिले २ म्हणजे १९.७. दहापटीत २.०३, वजा ०.३ म्हणजे १.७३, गुणिले १० म्हणजे १७.३. दोन्ही तंतोतंत जुळतात. मशीनवर दिसलेल्या रीडिंगमध्ये आधी ०.३ मिळवा, मग डायल्यूशनने गुणा आणि शेवटी एकदाच ०.३ वजा करा. दोन्हींतून २०.० च मिळेल.

रिपोर्ट देण्याआधी खात्री करून घ्या. टेस्टच्या पॅरामीटर्समध्ये ऑफसेट किंवा इंटरसेप्ट उणे ०.३ दिसतो का, आणि किटच्या माहितीपत्रकात कॉम्पेन्सेशनचा उल्लेख आहे का, ते पाहा. शिवाय नुसतं सलाइन नमुना म्हणून लावा. मशीन ऋण आकडा दाखवत असेल तर उणे ०.३ च्या जवळपास काहीतरी येईल. पुढच्या वेळी गरजेपुरतंच डायल्यूशन करा. इथे दुप्पट पुरेसं होतं, दहापट करायचं कारण नव्हतं. आणि वहीत ‘१:१०’ लिहू नका, त्याचा अर्थ कोणी एक अधिक नऊ घेतो, कोणी एक अधिक दहा. ‘१०० मायक्रोलिटर सिरम + ९०० सलाइन’ असं लिहा.

लघवीत हाच घोटाळा जास्त होतो, कारण तिथे ५० पट डायल्यूशन नेहमीचंच. खरं १२० असेल तर पातळ नमुन्यात २.४ येतं. सिरमच्या प्रोग्रामवर लावलं की २.१ दिसतं, आणि ५० ने गुणल्यावर १०५. लघवीसाठी ऑफसेट नसलेला वेगळा प्रोग्राम हवाच.

एक गैरसमज मात्र करून घेऊ नका: डायल्यूशन जुळलं म्हणजे इंटरफेरन्स नाही, असं नसतं. कीटोअॅसिडोसिसमध्ये अॅसिटोअॅसिटेट जॅफेत रंग देतं आणि क्रिएटिनिन खोटं वाढतं. ते नमुन्यातच असल्यामुळे क्रिएटिनिनबरोबर पातळ होतं आणि गुणाकारात तेवढंच परत येतं. बिलिरुबिन उलट, आकडा खाली ओढतं, पण डायल्यूशनमधून तेही सहसा पकडता येत नाही. अॅसिटोअॅसिटेट लवकर रंग देतं आणि प्रथिनं उशिरा, म्हणून कायनेटिक पद्धतीत सुरुवातीचे काही सेकंद सोडून मधल्या काळातला बदल मोजतात. त्याने त्रास कमी होतो, संपत नाही. कीटोन किंवा कावीळ जास्त असेल तर मी नमुना एन्झायमॅटिक पद्धतीवर लावतो.

युरिया बर्थेलॉट पद्धतीने करत असाल तर चूक उलट्या दिशेने होते. ती पद्धत युरिएजने सुटलेला अमोनिया मोजते, त्यामुळे डायल्यूशनच्या पाण्यात आधीच अमोनिया असेल तर तोही रंगात धरला जातो. पाण्यातला अमोनिया १ मिलिग्रॅम युरियाएवढा असला, तरी ५० पट लघवीत तो जवळजवळ ५० होऊन बसतो, आणि डायल्यूशन वाढवाल तसा आकडा चढत जातो. रिएजंट ब्लँकमध्ये हे दिसत नाही, कारण त्यात ते पाणी नसतं. म्हणून तेच पाणी नमुना म्हणून लावा, आणि जे रीडिंग येईल ते पातळ लघवीच्या रीडिंगमधून गुणाकाराच्या आधी वजा करा.