दात कुणाला, दात कुणाकडे

प्रश्न : ‘मला दोन भाऊ आहेत’ असं आपण म्हणतो, पण ‘मला दोन छत्र्या आहेत’ असं म्हणत नाही, तिथे ‘माझ्याकडे’ लागतं. काही भाषांत अवयव आणि नातेवाईक यांच्यासाठी वेगळं व्याकरण असतं असं वाचलं. मराठीतही तसं आहे का?

हो, आहे. फक्त ते ‘माझा, माझी, माझं’मध्ये शोधलंत तर सापडणार नाही. माझा हात, माझा भाऊ, माझा रुमाल, तिन्हींना आपण एकच ‘माझा’ लावतो. फरक उघडा पडतो तो ‘आहे’च्या वाक्यात, आणि तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवलं आहे.

एक जोडी घेऊ या. ‘दंतवैद्याला बत्तीस दात आहेत’ आणि ‘दंतवैद्याकडे बत्तीस दात आहेत’. पहिलं वाक्य ऐकलं की दात त्याच्या तोंडात दिसतात. दुसऱ्यात ते टेबलावर किंवा डबीत येतात, म्हणजे उपटलेले किंवा बनवलेले होतात. शब्द तेच, संख्या तीच, बदललं ते फक्त ‘ला’चं ‘कडे’ झालं. नात्यांतही असंच होतं. ‘तिला दोन मुली आहेत’ म्हटलं की ती त्यांची आई. ‘तिच्याकडे दोन मुली आहेत’ म्हटलं की त्या तिच्याकडे राहायला असतील, शिकायला येत असतील, कामाला असतील, पण आई कुणी दुसरीच. म्हणून ‘माझ्याकडे एक भाऊ आहे’ हे वाक्य ऐकताना खटकतं. भाषांतरित मजकुरात ते हल्ली दिसतं, कारण इंग्रजीत भावाला आणि छत्रीला एकच क्रियापद चालतं आणि भाषांतर करणारा दोन्हीकडे ‘माझ्याकडे’ लिहून मोकळा होतो.

उलट बाजूही तपासून पाहा. ‘तुला पुस्तक आहे’ हे वाक्य चुकीचं नाही, पण त्याचा अर्थ पुस्तक तुझ्या मालकीचं आहे असा होत नाही. तुझ्यासाठी पुस्तक आलं आहे असा होतो, ‘तुला पत्र आहे’ म्हणतो तसा.

असं का होतं ते ‘कडे’ या शब्दातच आहे. ‘कडे’ मुळात दिशा आणि ठिकाण सांगतो : घराकडे, नदीकडे. ‘माझ्याकडे छत्री आहे’ म्हणताना मी एक ठिकाण असतो आणि छत्री त्या ठिकाणी असते. उद्या ती दुसऱ्या ठिकाणी असू शकते. हात, पाय, बहीण, शेपूट यांना हे चित्र लागू पडत नाही, कारण हे शब्दच अर्धे आहेत. ‘छत्री’ म्हटलं की वस्तू पूर्ण झाली. ‘बहीण’ म्हटलं की लगेच ‘कुणाची?’ हा प्रश्न उरतो. ज्या शब्दाच्या अर्थातच दुसरं कुणीतरी बसलेलं असतं, त्याला आपण ‘ला’ने जोडतो. आणि हे माणसांपुरतं नाही : टेबलाला चार पाय असतात, खोलीला दोन खिडक्या असतात, झाडाला काटे असतात. ‘टेबलाकडे चार पाय आहेत’ असं लहान मूलही म्हणत नाही.

व्याकरणाच्या पुस्तकी भाषेत याला अविच्छेद्य आणि विच्छेद्य स्वामित्व म्हणता येईल, म्हणजे तोडता न येणारं आणि तोडता येणारं. मला यातला ‘स्वामित्व’ हा शब्द फारसा आवडत नाही. बहिणीचं स्वामित्व कसलं? नातं आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मराठी त्या वेगळ्या ठेवते.

तुम्ही ज्या भाषांबद्दल वाचलंत, त्यांत हा भेद शब्दाच्या पोटातच शिरलेला असतो. अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या नाव्हाहो लोकांच्या भाषेत कानासाठी ‘जा’ असा धातू आहे, पण तो एकटा उच्चारताच येत नाही. ‘शिजा’ म्हणजे माझा कान, ‘निजा’ म्हणजे तुझा, ‘बिजा’ म्हणजे त्याचा किंवा तिचा. कुणाचाच नाही असा नुसता कान म्हणायचा असेल तरी ‘अजा’ म्हणावं लागतं, आणि त्यातला ‘अ’ म्हणजे ‘कुणाचातरी’. मालक माहीत नसला तरी त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही. दुधाचंही तसंच, कारण दूध अंगातून येतं. धातू ‘बे’, आणि साधं दूध म्हणजे ‘अबे’, ‘कुणाचंतरी दूध’. आता एखादी बाई ‘माझं दूध’ म्हणते तेव्हा तिच्यासमोर दोन वाटा असतात. ‘शिबे’ म्हटलं तर तिच्या स्वतःच्या अंगचं दूध. ‘शेअबे’ म्हटलं तर दुसऱ्या कुणाचं, म्हणजे गाईबिईचं, पण आता तिच्या ताब्यातलं. दुसऱ्या शब्दात ‘अ’ तसाच राहिला आहे, त्याच्या आधी ‘माझं’ लागलं आहे. म्हणजे शब्दशः ‘माझं कुणाचंतरी-दूध’. मूळ धनीही दिसतो आणि आताचा धनीही. दंतवैद्याच्या बत्तीस दातांत आपण जे ‘ला’ आणि ‘कडे’ने करतो, ते इथे एका अक्षरात होतं.

आता एक सावधगिरी. ‘तोडता न येणारं’ हे नाव शब्दशः घेतलं तर फसायला होतं. ‘मला चष्मा आहे’ हे वाक्य पाहा. चष्मा तर रोज रात्री काढून ठेवतो, तरी ‘ला’. कारण इथे चष्मा लागतो, तो डोळ्यांचाच भाग झाला आहे, असं सांगायचं असतं. ‘माझ्याकडे चष्मा आहे’ म्हटलं तर आत्ता पिशवीत आहे एवढंच कळतं. तो दुसऱ्याचाही असेल. ‘आजोबांना कवळी आहे’ हेही त्यातलंच. ‘मला मित्र नाहीत’ यात मित्र जन्मापासून जोडलेले नसतात, पण ‘मित्र’ हा शब्द ‘बहीण’सारखाच अर्धा आहे, म्हणून ‘ला’. ‘त्याला घर नाही’, ‘त्यांना दोन एकर जमीन आहे’ हेही सहज म्हणतो. घर आणि जमीन विकता येतात, तरी भाषा त्यांना माणसाला चिकटलेली धरते.

ही रेघ प्रत्येक भाषा आपापल्या जागी ओढते. हवाई बेटांवरच्या भाषेत ‘माझं’ला दोन शब्द आहेत, ‘कोउ’ आणि ‘काउ’. डोकं, आई आणि घर यांना ‘कोउ’ लागतो, पुस्तकाला ‘काउ’. इथवर आपल्यासारखंच. पण नवरा, बायको आणि मूल यांनाही तिथे ‘काउ’च लागतो, पुस्तकासारखा. ही नाती आपण स्वतः जोडतो किंवा निर्माण करतो, आई मिळालेली असते, असा तिथला हिशेब आहे. मराठीने हा भेद केलेला नाही. ‘मला आई आहे’ आणि ‘मला मूल आहे’ यांना एकच ‘ला’ चालतो.

एक गोष्ट मात्र वेगळी काढायला हवी. ‘मला ताप आहे’, ‘मला घाई आहे’ यांतही ‘ला’ आहे, पण ते या खात्यातलं नाही. ते अनुभवाचं ‘ला’ आहे, ‘मला भूक लागली’मधलं. ओळखायचं असेल तर ‘माझ्या मालकीचा’ किंवा ‘माझा सख्खा’ असं काही जोडून पाहा : तापाला दोन्हींपैकी काहीच जोडता येत नाही. आणि एखादा शब्द ‘ला’कडे जाईल की ‘कडे’कडे, अशी शंका आली तर वाक्यात ‘सध्या’ घालून पाहा. ‘माझ्याकडे सध्या दोन छत्र्या आहेत’ खुशाल चालतं. ‘मला सध्या दोन कान आहेत’ म्हटलं की समोरचा तुमच्या कानांकडे बघायला लागतो.